आषाढ संपला की या

आमच्या शिरूरच्या घराला दोन मजले. खाली आम्ही राहायचो आणि वर जे कोणी भाड्याने राहायचे त्यांना आम्ही नुसतं ‘वरचे’ म्हणायचो. वरच्यांचं पाणी आलं का, वरच्यांनी दिवा लावून ठेवलाय, वरच्यांची म्हातारी आजारी आहे, असं. माणसांना नाव असतं हे त्या शब्दात सोयीस्करपणे विसरता येतं. पुढे मी जे वागले त्याला हा शब्द फार उपयोगी पडला, असं आता वाटतं.

ज्यांची ही गोष्ट, ते वरचे पाच वर्षं आमच्याकडे होते. घरातला कर्ता रांजणगावच्या एका कंपनीत फिटर, तिन्ही पाळ्यांत कामाला जाणारा. घरात बायको, आई आणि एक मुलगी. मूळ मांडवगणकडचे. त्याचे आईकडचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आईचं लहानपण अर्धं वाटेवरच गेलेलं. म्हातारी कधी कधी जिन्यात बसून सांगायची, “बाई, आमी रोज घर मांडायचो आन् रोज मोडायचो. आता ह्या खोलीत पाय ठरला बघा.” मी त्या मुलीच्या शाळेत मराठी शिकवायचे. माझे यजमान ग्रामसेवक, त्यामुळे त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे आणि मला बाई. थोडक्यात, आम्ही गावात मान असलेली माणसं होतो. मान असलेल्या माणसाला खोटं बोलणं किती सोपं जातं, हे मला त्या वर्षी कळलं.

सुरुवातीला माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी देवाशपथ सांगते. वरच्या मजल्याची गच्ची दोन पावसाळे गळत होती. आम्ही दर वर्षी कुठेतरी सिमेंटचं पाणी ओतायचो आणि वेळ मारून न्यायचो. तिसऱ्या पावसाळ्यात मुलगी अभ्यासाला बसायची तिथेच छताच्या गिलाव्याचा परातीएवढा पोपडा पडला. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. उघड्या पडलेल्या जागी स्लॅबच्या सळया गंजून फुगलेल्या दिसत होत्या. भाऊसाहेबांनी मिस्त्रीला आणलं. त्याने छताला काठीने ठोकून पाहिलं. जिथे गिलावा सुटला होता तिथे पोकळ आवाज यायचा, आणि तो जवळजवळ सगळीकडे आला.

मिस्त्री म्हणाला, “वरून जुना कोबा फोडायचा, भेगा भरायच्या, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालायचा. खालून सगळा गिलावा उतरवायचा, सळया घासायच्या, परत गिलावा करायचा. खाली माणसं ठेवून हे काम होत नाही. कुणाच्या डोक्यात पडलं तर मला नका सांगू.”

काम उन्हाळ्यातच करायचं होतं. मुलीची आठवीची परीक्षा एप्रिलमध्ये संपणार होती. मी वरच्यांना खाली बोलावलं आणि सांगितलं, की दीड महिना दुसरीकडे राहा, शाळा सुरू व्हायच्या आत परत या. तो मान हलवत ऐकत होता. म्हातारी मात्र दाराशी बसली होती, तिथून म्हणाली, “कागुद करा बाई. तोंडाचं ऱ्हात न्हाई.”

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि आला की मी शहाण्यासारखी बोलते. “आजी, पाच वर्षांत एकदा तरी आम्ही शब्द फिरवलाय का?” मी म्हणाले.

“न्हाई बाई. म्हणून तर आत्ताच करा म्हनतीय.”

भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, दे लिहून. मी वहीच्या पानावर लिहून दिलं: दहा जूनला खोल्या परत ताब्यात देऊ, काम चालेल तेवढ्या दिवसांचं भाडं घेणार नाही, परत आल्यावर भाडं पूर्वीएवढंच, आणि जाण्या-येण्याच्या टेम्पोच्या खर्चाबद्दल पहिले तीन महिने निम्मं. डिपॉझिट आमच्याकडेच राहील. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, आपण किती न्यायाने वागतो आहोत. तीन महिने निम्मं भाडं कोण देतं?

शिरूरमध्ये दीड महिन्यासाठी खोली कोणी देईना, आणि डिपॉझिट आमच्याकडे अडकल्यामुळे दुसरीकडे भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. म्हणून बायको, आई आणि मुलगी दौंडला गेल्या, बायकोच्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तो स्वतः शिक्रापूरला कंपनीतल्या चार पोरांच्या खोलीत वळकटी घेऊन पडला. कपाट, जातं, लोखंडी कॉट आमच्या मागच्या पडवीत ठेवली.

शिरूरकडे भाडेकरूची एक रीत आहे. काही दिवस बाहेर जायचं झालं, तर एका खोलीला आपलं कुलूप ठेवून जायचं. कुलूप ज्याचं, ताबा त्याचा. कोर्टकचेरी न पाहिलेल्या माणसालाही हे माहीत असतं. त्यानेही आतल्या खोलीला कुलूप लावलं होतं. मी म्हणाले, तिथलाही गिलावा उतरवायचाय, किल्ली लागेल. त्याने एक क्षण कागद ठेवलेल्या खिशाला हात लावला आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. “तुमच्यापशी हाय म्हंजी आमच्यापशीच हाय,” तो म्हणाला.

काम चांगलं चाललं. जुना कोबा फुटला, राडारोडा उतरला, स्लॅब धुऊन घासून स्वच्छ झाला. भेगा खाचून त्यात औषध घातलेलं सिमेंट भरलं. पाणी पाइपाकडे वाहील असा उतार देऊन विटांचे तुकडे उभे लावले, आणि कठड्याच्या कडेने गोलाई केली. वर गुळगुळीत थर देऊन त्यावर दोरीने चौकोन आखले. आता राहिलं होतं ते पाणी साठवणं. सगळ्या गच्चीवर छोटे बांध घालून आठ दिवस पाणी उभं ठेवायचं. त्याने कोबाही पक्का होतो, आणि कुठे गळतं का तेही कळतं.

पण मे महिना. शिरूरला नळाला एक दिवसाआड पाणी. प्यायच्या पाण्याची मारामार, आणि आम्ही गच्चीवर तळं करणार म्हटल्यावर गल्लीतल्या बायका माझ्याकडे टकामका बघायच्या. टँकरवाला उद्या येतो, परवा येतो करत राहिला. नव्या थरावर ओली पोती टाकून आम्ही दिवस काढले. असे दहा-बारा दिवस गेले. हा उशीर खरा होता. दहा जूनच्या आधी सुट्टीच्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला गच्चीवर नेऊन कोरडे बांध दाखवले. तो म्हणाला, “पाण्याबिगर काय इलाज न्हाई बाई. आठ-दहा दिस इकडं तिकडं.” कागदाचा विषयही त्याने काढला नाही.

त्याच आठवड्यात रांजणगावच्या दुसऱ्या एका कंपनीचे दोन साहेब मोटरसायकलवरून आले. इंजिनियर पोरांसाठी जागा बघत होते. वर नवा गिलावा, पांढरा चुना, नव्या कोऱ्या खोल्या. त्यांनी विचारलं, देणार का? कंपनीच भाडं भरेल. आकडा ऐकून भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्यांच्या भाड्याच्या तो तिप्पट होता. आमचा मुलगा तेव्हा इंजिनियरिंगला पैसे भरून घातलेला, दर सहा महिन्यांनी फीचा डोंगर. भाऊसाहेब म्हणाले, “जागा दिलेली आहे.” मी म्हणाले, “बघू, कळवतो.”

हे ‘बघू’ माझं होतं. मी ते यजमानांवर ढकलणार नाही. रात्री जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, “लिहून दिलंय ना आपण?” मी म्हणाले, “त्यांना बाहेर काढायचं म्हटलं तर जन्म गेला असता. आता आपोआप बाहेर आहेत. जुना भाडेकरू परत आत घेणं म्हणजे पायावर धोंडा.” हे वाक्य माझं नव्हतं, गावात सगळे म्हणायचे. पण तोंड माझं होतं. ते गप्प जेवत राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा मला तेव्हा फार उपयोग झाला.

मग टँकर आला, गच्चीत पाणी उभं राहिलं आणि खाली थेंबही आला नाही. त्यावर दोन दिवस पाऊसही झाला, तरी छत कोरडं. आता सबब उरली नव्हती. तो आला आणि म्हणाला, “बाई, येत्या रविवारी टेम्पो सांगू का?”

मी कॅलेंडरकडे पाहिलं. आषाढ लागायला दोन दिवस होते.

“रविवारी आषाढ लागलेला असेल,” मी म्हणाले. “आषाढात घरात पाऊल ठेवू नये. एवढे दिवस काढलेत, आषाढ संपला की या. श्रावणात आनंदाने या.”

आषाढात नव्या घरात जात नाहीत हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. मी स्वतः असल्या गोष्टी फारशा मानत नव्हते. शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध द्यायचे. तो मात्र खाली मान घालून विचार करू लागला. त्याला वाटलं असावं, बाई आपल्या भल्याचं सांगताहेत. “आईला इचारतो,” म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात शाळा सुरू झाली. नववीचा वर्ग माझ्याकडे आला, आणि त्यात ती मुलगी. दौंडहून सकाळच्या एसटीने यायची. गाडी कधी वेळेवर, कधी नाही. पहिला तास अर्धा झाला की ती दारात उभी राहायची, चपला भिजलेल्या, दप्तर छातीशी धरलेलं. मी तिला मानेनेच आत घ्यायचे आणि हजेरी लावायचे. दुसऱ्या शिक्षकांनी तिला उशिराबद्दल वर्गाबाहेर उभं केलं तर मी त्यांच्याशी भांडले. पोरगी दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची, आणि मी कविता शिकवताना आवाज खाली आणायचे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाटायचं, बाईंना पोरीचा किती कळवळा. एकदा तिच्या आईने दौंडहून शेंगदाण्याची चटणी पाठवली: बाई आमच्या लेकीला संभाळून घेत्यात म्हणून. ती चटणी मी घरी आणली आणि खाल्ली. चवीला फार चांगली होती, हे मला आजही आठवतं आणि आजही माझी मलाच लाज वाटते.

आषाढाच्या पहिल्याच आठवड्यात म्हातारी आली. नातीबरोबर एसटीने आली, नातीला शाळेत सोडलं आणि थेट आमच्या घरी. मी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घरीच होते. ती म्हणाली, “वर बघू का जरा?” मी किल्ली घेऊन तिच्यामागे गेले.

ती खोल्यांतून फिरली. भिंतीला हात लावून पाहिला, वर बघितलं. “झ्याक झालंय,” म्हणाली. मग पदराला हात पुसून खिडकीखाली, जिथे तिचं अंथरूण असायचं तिथे, मांडी घालून बसली. हातात एक नवी केरसुणी होती, ती तिने भिंतीला टेकवून ठेवली. बसल्या जागेवरूनच म्हणाली, “बाई, लेक सांगत व्हता तुमी आषाढाचं म्हनलात. नव्या घराला आषाढ बघत्यात. आपल्याच घरात परत यायला आषाढ कसला?”

ती बरोबर बोलत होती. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, शंकाही नव्हती. एखाद्या मोठ्या बाईने लहान बाईला रीत समजावून सांगावी तसं ती बोलत होती. आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मला वाटलं, हिला सगळं कळलंय, ही मुद्दाम बसलीय, ताबा घेऊन बसलीय.

मी म्हणाले, “घर आमचं आहे, आजी.”

म्हातारीने वर माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीला हात टेकून उठली. “व्हय की,” म्हणाली. “चुकलं बाई. बोलायच्या वघात बोलून गेले.” ती जिना उतरू लागली तेव्हा मी हात पुढे केला. तिने कठडा धरला.

केरसुणी तिथेच राहिली. मी ती पडवीत त्यांच्या सामानावर नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी मी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, आजी येऊन खोली बघून गेल्या. ते म्हणाले, “मग कधी येताहेत?” मी म्हणाले, “श्रावणात म्हणताहेत.” माझ्यासारखी करून सवरून नामानिराळी राहणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मी रोज ठरवायचे की उद्या मुलीजवळ निरोप देऊ: रविवारी या. खरंच ठरवायचे. वर्गात ती दारात उभी राहिली की शब्द ओठांपर्यंत यायचे. पण कंपनीचे साहेब अधूनमधून फोन करायचे आणि मी त्यांनाही नाही म्हणत नव्हते. मुलाच्या फीची तारीख भिंतीवर लिहिलेली होती. मी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी होते, आणि ज्या दिवशी पाय उचलायचा तो दिवस दुसऱ्याच कोणीतरी ठरवावा अशी वाट बघत होते.

तो दिवस श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ठरला. मधल्या सुट्टीत शिपाई मला बोलवायला आला: ऑफिसात पालक आलेत. मी गेले तर तो उभा होता, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच, पहिली पाळी बुडवून आलेला. मला वाटलं, आता कागद काढेल. काढू दे, असंही वाटलं. भांडण झालं तर मला मोकळं तरी होता येईल.

त्याने हात जोडले. “बाई, पोरीचा दाखला पायजे. दौंडच्या शाळंत घालतो. येवढं येनंजानं तिला झेपत न्हाई.”

मी विचारलं, “असं मधेच?”

“आई म्हनली, तिथंच ऱ्हाऊ. मेव्हण्यानं मागची खोली दिलीय. मी येतो-जातो सुट्टीला.” मग हळू आवाजात, लेखनिकाला ऐकू जाणार नाही असा बोलला, “रागानं न्हाई बाई. तुमालाबी अडचन असंल. सामान रविवारी नेतो.”

त्याला सगळं कळलं होतं. कधीचं कळलं होतं ते मी विचारलं नाही. त्याने मला एकही बोल लावला नाही, आणि मी त्या क्षणी त्याच्यावर चिडले, कारण बोल लावला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

लेखनिकाने दाखल्याचं पुस्तक उघडलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं रजिस्टरवरून उतरवलं. अभ्यासातली प्रगती काय लिहू, त्याने मला विचारलं. चांगली, मी म्हणाले. वर्तणूक? उत्तम. मग त्याने पेन थांबवून विचारलं, “शाळा सोडण्याचं कारण?”

ऑफिसात पंखा फिरत होता. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या वेळापत्रकाकडे बघत राहिले. मला तो रकाना वर्षानुवर्षं माहीत होता. किती दाखल्यांवर तो भरलेला मी पाहिला होता. बदली, स्थलांतर, लग्न, गरिबी. वर्गशिक्षक म्हणून खाली सही माझीच असायची.

तोच म्हणाला, “पालकांच्या इच्छेनं, आसं लिवत्यात न्हवं? तसंच लिवा साहेब.”

लेखनिकाने लिहिलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. वरच्या खोल्या त्या दिवशी रिकाम्या होत्या. कंपनीकडून आम्ही अजून एक रुपयाही घेतला नव्हता, त्यांची पोरं पुढच्या महिन्यात आली. मी एवढंच म्हणायचं होतं की हे कारण खरं नाही, हे खोडा, रविवारी सामान नेऊ नका, वर चढवा. तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा होता. मी पेन घेतलं आणि त्या कारणाखाली सही केली.